नुसतं ‘रोस्ट कर’ एवढंच सांगितलंय? सहकाऱ्याच्या निरोपाचं विनोदी भाषण असं बांधा

ग्रुपवर मेसेज येतो: ‘शुक्रवारी दादांचा सेंड-ऑफ. रोस्ट तू कर.’ बस्स, एवढंच. किती मिनिटं, कोणासमोर, दादांना चालणार आहे का, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. मग गुरुवारी रात्री माणूस वही घेऊन बसतो आणि निघणाऱ्याची व्यंगं आठवू लागतो. पोट, टक्कल, उशिरा येणं, चिडणं. शुक्रवारी अर्धी खोली हसते, अर्धी प्लेटमधल्या समोशाकडे बघत राहते, आणि ज्याच्यासाठी समारंभ ठेवला तोच ओठ ताणून बसलेला असतो.

घोटाळा ‘रोस्ट’ या शब्दातूनच सुरू होतो. पडद्यावरच्या रोस्टमध्ये समोर बसलेल्या माणसानं आधी होकार दिलेला असतो आणि तो खास त्यासाठीच येऊन बसलेला असतो. ऑफिसमधल्या माणसानं असा कसलाही होकार दिलेला नसतो. त्यामुळे तो शब्द बाजूला ठेवा आणि आपल्या शब्दांत विचार करा. कोपरखळी, चिमटा, फिरकी यांत ज्याची चेष्टा चालली आहे तो माणूस हसणाऱ्यांमध्ये सामील असतो. टोमणा, टर, हेटाळणी यांत तो एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला असतात. निरोपाच्या भाषणात पहिले तीनच चालतात.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावर करून दाखवल्या आहेत. समजा, चाकण भागातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तिथल्या परचेस विभागातले ज्येष्ठ सहकारी ११ वर्षांनी दुसऱ्या कंपनीत निघाले आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. बोलणारा त्याच विभागातला आणि वयानं लहान आहे.

## १. आधी राहिलेले चार प्रश्न विचारा

ज्यानं ‘रोस्ट कर’ सांगितलं त्याला फोन करा. मेसेज करू नका, कारण मेसेजला अंगठा येतो आणि उत्तर राहून जातं.

ते का निघाले आहेत? चांगली संधी मिळाली, बदली झाली किंवा निवृत्ती असेल तर पुढे जा. कंपनीनं काढलं असेल, भांडून राजीनामा दिला असेल किंवा घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागत असेल, तर चेष्टेचं भाषण करू नका. दोन गोड आठवणी सांगा आणि बसा. खरं कारण सांगणाऱ्यालाही माहीत नसेल तर निघणाऱ्याच्या जवळच्या एका माणसाकडून ते समजून घ्या.

खोलीत कोण असेल? फक्त विभागातले लोक, की प्लांट हेडसुद्धा? घरची मंडळी येणार का? निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ असतं आणि पत्नी, मुलं, कधी सूनही पहिल्या रांगेत बसलेली असते. विभागात जी गोष्ट हसण्यावारी जाते, ती मुलांसमोर ऐकताना वडिलांचा अपमान वाटू शकते. मराठी न समजणारे सहकारी असतील तर तेही आत्ताच कळायला हवं. निम्म्या खोलीला कळली नाही तर उत्तम कोपरखळीही वाया जाते.

किती मिनिटं आणि कितवं भाषण? कोणी काही ठरवलं नसेल तर ४ मिनिटं तुम्हीच ठरवा. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात आणि हशाला वेळ सोडावा लागतो. म्हणजे लिहायचे शब्द ३०० ते ३५०, त्याहून जास्त नकोत. क्रमात दुसरा किंवा तिसरा नंबर मागून घ्या. कोणी डोळ्यांत पाणी आणणारं बोलल्यावर लगेच चेष्टा सुरू केली तर ती निष्ठुर वाटते. निघणाऱ्याचं स्वतःचं बोलणं तुमच्या नंतर हवं, म्हणजे त्यांना उलट एक टोला हाणता येतो. ती संधी त्यांना मिळायलाच हवी.

निघणाऱ्याला माहीत आहे का? नसेल तर तुम्हीच सांगा. मजकूर सांगू नका, फक्त एवढं विचारा: ‘दादा, शुक्रवारी मी तुमची थोडी फिरकी घेणार आहे. कशाला हात लावू नको?’ बहुतेक जण ‘अरे काहीही बोल’ म्हणतात. तेव्हा दोन सेकंद थांबा. खरं उत्तर असेल तर ते त्या शांततेनंतर येतं.

> थांबा आणि तपासा: तुम्ही निघणाऱ्याचे साहेब आहात का? वरच्यानं खालच्याची जाहीर चेष्टा केली की खालच्याला हसावंच लागतं, आणि असं हसणं लगेच ओळखू येतं. अशा वेळी बोलायला बरोबरीच्या किंवा हाताखालच्या माणसाला पुढे करा.

## २. माल गोळा करा, पण प्रश्न बदलून

वेगवेगळ्या जागी बसणाऱ्या पाच जणांशी बोला. शेजारच्या टेबलावरचा, स्टोअरमधला, अकाउंट्समधला, नवीन लागलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, आणि चहा देणारे किंवा गेटवरचे काका. शेवटच्यांना वगळू नका. माणसाच्या सवयी त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक असतात.

‘दादा कसे आहेत?’ असं विचारलंत तर ‘फार चांगला माणूस’ एवढंच हाती लागेल. हे तीन प्रश्न विचारा:

- अशी कुठली गोष्ट आहे जी फक्त दादाच करतात?
- त्यांची नक्कल करायची झाली तर कुठलं वाक्य म्हणाल?
- ते कधी तुमच्यासाठी आडवे आले होते का?

तिसरा प्रश्न आत्ता गैरलागू वाटेल, पण भाषणाचा शेवट त्याच्याच उत्तरातून निघतो. उत्तरं माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवून लिहा. ‘काटकसरी आहेत’ असं लिहू नका. ‘वडापाववाल्याकडे जास्तीची मिरची मागतात’ असं लिहा.

आपल्या उदाहरणात हाती आलेला कच्चा माल असा आहे:

कुठलाही दर आला तरी ‘अजून बघा ना’. वडापावच्या गाडीवरही घासाघीस. फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलतात की शॉप फ्लोअरवर ऐकू जातं. प्रत्येक मेलच्या विषयात ‘अर्जंट’. सकाळी हमखास उशीर. केस गेलेत. एकदा ऑर्डरमध्ये एक शून्य जास्त पडलं आणि ५०० च्या जागी ५,००० हातमोजे आले. स्टोअरच्या साहेबांशी जुनं वाकडं. एका छोट्या व्हेंडरचं बिल अडकलं तेव्हा रोज अकाउंट्समध्ये जाऊन उभे राहायचे.

## ३. गाळणी लावा

आता प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट दादा स्वतः सांगून हसतात का? हसत असतील तर ठेवा, नसतील तर काढा. या एका प्रश्नानं बहुतेक अपघात टळतात.

केस काढा. जे माणसाच्या हातात नाही, म्हणजे रूप, वय, उंची, आजार, बोलण्यातला दोष, त्याला हात लावायचा नाही. जात, धर्म, गाव आणि आडनावावरून निघणारं काहीही नको. मूलबाळ, लग्न, घटस्फोट, पगार हेही नको.

उशिरा येणं हा सगळ्यात सोपा विनोद वाटतो, म्हणून तो सगळ्यात आधी तपासा. उदाहरणातले दादा आठवड्यातून तीनदा आईला उपचाराला सोडून येतात आणि हे ऑफिसात दोघांनाच माहीत आहे असं धरा. हे न विचारता ‘दादांचं घड्याळ’ यावर तुम्ही मिनिटभर बोललात, तर त्या दोघांच्या चेहऱ्यावरून सगळ्या खोलीला कळेल की काहीतरी चुकलं. उशीर, रजा, डबा न आणणं, पार्टीला न येणं या सवयींमागे बऱ्याचदा घरचं कारण असतं. कारण माहीत नसेल तर मुद्दा सोडून द्या.

हातमोज्यांचा किस्सा मोहात पाडणारा आहे. दादा स्वतः तो रंगवून सांगत असतील तरच घ्या, आणि तेव्हाही प्लांट हेड समोर असतील तर नको. निघून जाणाऱ्या माणसाची जुनी चूक वरिष्ठांना नव्यानं कळवणं हे आपलं काम नव्हे. स्टोअरच्या साहेबांशी असलेलं वाकडंही काढा. त्या विनोदात दुसरा माणूस जखमी होतो आणि त्याला सोमवारी तिथेच कामावर यायचं आहे.

> इशारा: स्त्री सहकाऱ्याबद्दल, किंवा कुणाही दोघांना जोडून, ‘तसला’ विनोद करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक अर्थाची शेरेबाजी छळात धरली आहे. समोरच्या बाईला ते नकोसं होतं का, हे तिथे पाहिलं जातं. ‘गंमत केली’ म्हणून सुटका होत नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही त्या कायद्याच्या व्याख्येत येते, त्यामुळे कार्यक्रम हॉटेलात आहे म्हणून नियम सैल होत नाहीत.

गाळून उरलं ते असं: घासाघीस, मोठा आवाज, ‘अर्जंट’, आणि व्हेंडरच्या बिलाची गोष्ट. ४ मिनिटांना एवढं भरपूर होतं. दहा मुद्दे घेतलेत तर प्रत्येकाला एकच वाक्य मिळतं आणि भाषण यादी वाचल्यासारखं होतं.

## ४. एक सवय मधोमध ठेवा

उरलेल्यांतली एकच सवय मुख्य करा. ती कोणती, हे ओळखायला सोपी खूण आहे. पाचांपैकी किमान तिघांनी आपणहून सांगितलेली असते आणि ती त्या माणसाच्या कामाशी जोडलेली असते. इथे ती घासाघीस आहे. आवाज आणि ‘अर्जंट’ तिच्या आजूबाजूला येतील.

मुख्य सवय ठरली की तिच्या धंद्यातले शब्द सापडतात आणि ते भाषणाला चौकट देतात. परचेसमधल्या माणसाला कोटेशन, लास्ट प्राइस, क्रेडिट, जीआरएन, रिजेक्शन हे शब्द सगळ्या खोलीला कळतात. जीआरएन म्हणजे माल आल्यावर स्टोअरनं करायची पावती. तिच्यात किती माल आला, किती स्वीकारला आणि किती परत पाठवला हे लिहितात. भाषणाचा शेवट त्या पावतीच्या नमुन्यावर करता येईल हे इथेच लक्षात येतं. अकाउंट्सचा माणूस असेल तर ताळेबंद, शिक्षक असेल तर प्रगतिपुस्तक, क्वालिटीचा असेल तर तपासणी अहवाल. चौकट त्याच्याच टेबलावरून उचला. इंटरनेटवरून घेतलेला तयार विनोद कुणालाही लागू पडतो, म्हणून तो खोलीत कुणालाच भिडत नाही.

## ५. वाक्यं घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक कोपरखळीचे तीन टप्पे असतात: सवय, तिचा खरा पुरावा, आणि त्या पुराव्याला दिलेली एक पायरी वाढ.

पहिला मसुदा बहुधा असा येतो:

*दादा फार चिकट आहेत.*

हा शेरा झाला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही आणि दादांना मात्र ते लागतं. शेरा काढून पुरावा ठेवा:

*दादा दोन वडापाव घेतात आणि मिरच्या तीन मागतात.*

आता चित्र दिसतं. हे खरं आहे, म्हणून ओळखीचं हसू येईल. यापुढे एकच पायरी चढायची:

*दादा दोन वडापाव घेतात आणि मिरच्या तीन मागतात. मागच्या महिन्यात गाडीवर पाटी लागली, ‘मिरची मोजून मिळेल’. बाकीच्यांना वाटलं महागाई. आम्हाला माहीत होतं, दादा!*

पाटी खोटी आहे हे सगळ्यांना कळतं आणि तेच अपेक्षित आहे. वाढ उघड खोटी वाटावी इतकी मोठी करा, पण दुसरी पायरी चढू नका. ‘मग वडापाववाल्यानं गाडीच बंद केली, मग तो गावाला गेला’ असं ताणलंत की पहिलं हसूही विरतं.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे हसवणारा शब्द मधे अडकतो आणि लोक हसायला लागतात तेव्हा तुम्ही अजून ‘लिहीत असतात’ म्हणत असता. हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा:

*दादा दिवाळीच्या शुभेच्छांच्या मेलवरसुद्धा अर्जंट असं लिहीत असतात.*

गंमत ‘दिवाळीच्या शुभेच्छां’मध्ये आहे आणि तिच्यामागे पाच शब्द लोंबकळतात. वाक्य तोडा आणि तो शब्द शेवटी आणा:

*दादांच्या प्रत्येक मेलवर ‘अर्जंट’. प्रत्येक. दिवाळीच्या शुभेच्छांवरसुद्धा.*

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. लिहून झाल्यावर प्रत्येक विनोदातल्या ज्या शब्दावर हसू यायला हवं त्याखाली रेघ मारा. रेघेनंतर तीनाहून जास्त शब्द उरले असतील तर वाक्य पुन्हा बांधा. ‘आहे’, ‘असतं’, ‘म्हणजे’, ‘अक्षरशः’ बहुतेक वेळा उडवता येतात.

> तपासा: ‘अहो-जाहो’ कायम ठेवा. एरवी दादांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर माइक हातात आल्यावर ‘तू’ वर येऊ नका. मराठी कानाला मजकुरापेक्षा ही उडी जास्त खटकते. उलट, अदबीनं घेतलेला चिमटा जास्त हसवतो.

## ६. शेवट त्याच सवयीची दुसरी बाजू दाखवून करा

बहुतेक भाषणं इथे मोडतात. तीन मिनिटं चेष्टा होते आणि मग अचानक ‘पण जोक्स अपार्ट, दादा खूप चांगले आहेत, त्यांना पुढच्या वाटचालीस शुभेच्छा’. आधीचं भाषण एका माणसाबद्दल आणि हे वाक्य भलत्याच माणसाबद्दल वाटतं, कारण दोघांना जोडणारं काही नसतं.

जिची चेष्टा केली तीच सवय उलटी करून दाखवा. दादा दर पाडताना शेवटच्या रुपयापर्यंत भांडतात. पण व्हेंडरचे पैसे द्यायची वेळ आली की तितक्याच हट्टानं त्याच्या बाजूनं भांडतात. पायरी २ मधल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे कामाला येतं. भाषणाचा शेवटचा पाव भाग, म्हणजे साधारण ८० शब्द, याला द्या. एकच प्रसंग सांगा आणि त्यात विशेषणं घालू नका. ‘दिलदार’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ हे शब्द प्रत्येक निरोपात येतात, त्यामुळे कानावरून निघून जातात.

क्रमाचंही इथेच ठरवा. दुसऱ्या नंबरचा चांगला विनोद सुरुवातीला, सगळ्यात चांगला प्रसंगाच्या जरा आधी, आणि बाकीचं मधे.

## ७. पूर्ण भाषण असं दिसतं

> नमस्कार. मी परचेसमध्ये दादांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. मधे साडेतीन फूट अंतर आहे. तरी दादा मला इंटरकॉमवरून फोन करतात. मला ते दोन्ही कानांनी ऐकू येतात.
>
> दादांचा आवाज सगळ्यांना माहीत आहे. व्हेंडरला फोन लावला की शॉप फ्लोअरवरचे ऑपरेटर मशीन थांबवून विचारतात, ‘दर कमी झाला का हो?’ मला तर वाटतं, दादांना फोनची गरज नाही. खिडकी पुरे.
>
> दुसरी गोष्ट, मेल. दादांच्या प्रत्येक मेलवर ‘अर्जंट’. प्रत्येक. दिवाळीच्या शुभेच्छांवरसुद्धा. मी नवीन होतो तेव्हा घाबरून लगेच उघडायचो. एकदा उघडला. आत एकच ओळ: ‘आज डब्यात काय?’
>
> पण दादांची खरी कला म्हणजे ‘अजून बघा ना’. गेटसमोर दादा दोन वडापाव घेतात आणि मिरच्या तीन मागतात. मागच्या महिन्यात गाडीवर पाटी लागली, ‘मिरची मोजून मिळेल’. बाकीच्यांना वाटलं महागाई. आम्हाला माहीत होतं, दादा!
>
> नवीन कंपनीनं ऑफर लेटर पाठवलं. माणूस काय करतो? वाचतो, सही करतो. दादांनी वाचलं. जुन्या सवयीनं सहीच्या जागी लिहिलं, ‘लास्ट प्राइस?’
>
> आता एक गोष्ट सांगतो, ती अकाउंट्सला पाठ आहे. एका छोट्या व्हेंडरचं बिल अडकलं होतं. चूक आपल्या कागदपत्रांत होती. दादा सलग नऊ दिवस दुपारी जेवण झालं की अकाउंट्सच्या दारात जाऊन उभे राहायचे. आवाज न चढवता. दहाव्या दिवशी पैसे गेले. दर पाडताना ज्याच्याशी शेवटच्या रुपयापर्यंत भांडले, त्याच्याच पैशांसाठी भांडले. आम्ही नवीन पोरं घासाघीस शिकायला त्यांच्याजवळ बसायचो. हेही तिथेच शिकलो.
>
> दादा, तुमची जीआरएन आम्ही केली आहे. माल मिळाला. अकरा वर्षं वापरला. रिजेक्शन शून्य. आणि शेरा: परत पाठवायचा नव्हता.

हे साधारण दोनशे शब्द होतात. हशासाठी थांबत बोललं तर अडीच ते तीन मिनिटं लागतात, म्हणजे ठरलेल्या ४ मिनिटांत सुखानं बसतात. सुरुवातीला ‘मला दोन शब्द बोलायला सांगितलं’ नाही आणि माफी मागितलेली नाही. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याचं नातं आलं, कारण खोलीतल्या अनोळखी माणसाला चेष्टेचा हक्क कुठून आला ते कळायला हवं. नऊ दिवसांचा प्रसंग सांगताना विनोद एकही नाही. तिथे हसू आणायचा मोह झाला तर आवरा.

## ८. दोन माणसांवर तपासून घ्या

भाषण दोघांना वाचून दाखवा. एक निघणाऱ्याच्या अगदी जवळचा आणि एक तुमच्या गटाबाहेरचा, म्हणजे दुसऱ्या विभागातला, आणि तुम्ही पुरुष असाल तर शक्यतो स्त्री. पहिल्याला विचारा, ‘यातलं काय त्यांना घरी जाऊन आठवेल आणि टोचेल?’ दुसऱ्याला विचारा, ‘काय कळलं नाही?’ कुणी ‘चालेल बहुतेक’ म्हणालं तर ते वाक्य काढा. त्या ‘बहुतेक’मध्ये नकार असतो.

मग प्रत्येक वाक्य सुटं करून वाचा. समोर कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करत असतं आणि त्यातले २० सेकंद संध्याकाळी भलत्याच ग्रुपवर पोचतात. मागचंपुढचं न ऐकता ते वाक्य दादांच्या नव्या साहेबांनी ऐकलं तर? तिथे त्रास होणार असेल तर आत्ताच बदला. घासाघीस या कसोटीला उतरते, कारण परचेसच्या माणसाला ती शोभाच आहे. हातमोजे उतरले नसते.

शेवटी घड्याळ लावून तीनदा मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात वाचलेलं मोजू नका, ते नेहमीच कमी वेळात होतं.

## ९. उभं राहिल्यावर

मोबाइलवरून वाचू नका. मधेच फोन येतो, स्क्रीन बंद होते आणि मान खाली जाते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त खुणेचे शब्द मोठ्या अक्षरात लिहा: *साडेतीन फूट, खिडकी, अर्जंट, डबा, मिरची, ऑफर, नऊ दिवस, जीआरएन.* पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ हवं.

हशा आला की तो ओसरायला लागेपर्यंत थांबा. घाईनं पुढचं वाक्य टाकलं की ते हशात बुडतं, आणि लोक पुढे ऐकू यावं म्हणून हसणं आवरतात. हशा आला नाही तर पुढच्या मुद्द्यावर जा. ‘कळलं का?’ विचारू नका, समजावून सांगू नका, आणि स्वतः आधी हसू नका. काही जण ऑनलाइन असतील तर त्यांचे माइक बंद असतात. तिकडून आवाज आला नाही म्हणून गडबडू नका.

चेष्टा करताना खोलीकडे बघा आणि शेवटच्या प्रसंगात दादांकडे बघा. उलट केलंत तर प्रत्येक कोपरखळी त्यांच्यावर रोखल्यासारखी वाटते.

> धोक्याची खूण: मनापासून हसणारा माणूस मागे रेलतो, शेजारच्याकडे बघतो, ‘अरे बास’ म्हणतो. ज्याला लागलं आहे त्याचे ओठ हसतात, पण खांदे आखडतात आणि नजर टेबलावर किंवा मोबाइलवर जाते. घरची मंडळी असतील तर तो त्यांच्याकडे बघतो. असं दिसलं की उरलेले विनोद सोडून द्या आणि थेट ‘आता एक गोष्ट सांगतो’ या वाक्यावर या. माफी मागायला थांबू नका, त्यानं सगळ्या खोलीचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे जातं. बोलायचं असेल तर नंतर चहाच्या वेळी एकट्याला गाठून बोला.

शेवटचं वाक्य झालं की दोन सेकंद तसेच उभे राहा आणि माइक दादांच्या हातात द्या. सूत्रसंचालकाकडे देऊ नका, नाहीतर मधे केक आणि फोटो घुसतात आणि त्यांनी तयार ठेवलेलं उत्तर हवेत विरतं. खुणेच्या शब्दांचा तो कागदही त्यांनाच द्या, मागे ज्या पाच जणांनी किस्से पुरवले त्यांच्या सह्या घेऊन.